मॅकबुक दिसलं म्हणून…

संगणकावर अडलेला माणूस मदत मागताना आपल्या यंत्राची माहिती क्वचितच नीट सांगतो. समोर विंडोज आहे, मॅक आहे की लिनक्स, हे त्याच्या बोलण्यातल्या खुणांवरून ताडावं लागतं. चॅटबॉटही तेच करतात आणि बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबर निघतो. पण त्यामुळेच नेहमीच्या संभाषणांवर परीक्षा घेतली, तर सगळा पुरावा पाहून ठरवणारा चॅटबॉट आणि पहिल्या खुणेवर झडप घालणारा चॅटबॉट यांना सारखेच गुण पडतात. दोघांमधला फरक दिसायचा, तर मुद्दाम चकवणारी संभाषणं रचावी लागतात. सुरुवातीला तीसेक पुरतात.

एक संभाषण रचून पाहू. विचारणारा म्हणतो, ‘‘माझ्याकडे मॅकबुक आहे. टर्मिनलमधून ssh करून आमच्या उबुंटू सर्व्हरवर शिरलोय. तिथल्या config.txt मध्ये 8080 च्या जागी 9090 करायचंय.’’ हे काम sed या आज्ञेने होतं, पण मॅकवरचा sed आणि लिनक्सवरचा sed एकसारखे नाहीत.

```
sed -i '' 's/8080/9090/' config.txt   # मॅक
sed -i 's/8080/9090/' config.txt      # लिनक्स
```

मॅकबुक हा शब्द वाचून पहिली ओळ दिली, की घोटाळा होतो. आज्ञा चालणार आहे उबुंटूवर, आणि तिथला sed रिकाम्या अवतरणचिन्हांनाच आज्ञा समजतो, तर `s/8080/9090/` या नावाची फाइल शोधू लागतो. ‘can't read’ अशी तक्रार येते आणि 8080 जागचं हलत नाही. संभाषणात मॅकबुकचा उल्लेख खरा आहे, खोटं कुठेच काही नाही. फक्त ती खूण दुसऱ्याच यंत्राची आहे. चांगला चकवा असाच असावा. खोटी माहिती देऊन फसवलं, तर त्यातून कुणाचीच पारख होत नाही.

या संभाषणाला दोन भावंडं लागतात. एकात सर्व्हर नाहीच, फाइल मॅकबुकवरच आहे. तिथे पहिली ओळ बिनचूक आहे, आणि ती न देता उगाच प्रश्न विचारत बसणं ही चूक आहे. असे साधे नमुने संचात नसतील, तर प्रत्येक वेळी ‘तुमची प्रणाली कोणती?’ एवढंच विचारणारा चॅटबॉटही पैकीच्या पैकी गुण घेऊन जाईल. दुसऱ्या भावंडात सर्व्हर आहे, पण तो उबुंटू असल्याचं सांगितलेलं नाही. तिथे विचारणं योग्यच, पण त्याहून चांगली वाटही आहे: `sed -i.bak 's/8080/9090/' config.txt` हे दोन्हीकडे चालतं आणि जुन्या फाइलची प्रतही ठेवतं.

म्हणून उत्तरसूचीत ‘मॅक’ किंवा ‘लिनक्स’ एवढंच लिहून भागत नाही. एवढ्या मजकुरावरून काय कळतं, काय कळत नाही आणि कोणती उत्तरं चालतील, हे लिहावं लागतं. ते दोघांनी एकमेकांचं न पाहता लिहावं. दोघांचं जुळलं नाही, तर बहुधा संभाषणच धूसर आहे. ते दुरुस्त करावं किंवा काढून टाकावं. सूचीतली प्रत्येक आज्ञा खऱ्या यंत्रावर चालवूनही पाहावी, कारण रचणाऱ्यालाही ठाम चुकीचे अंदाज असतात. `ls` दिसलं की विंडोज नसणार, असं अनेकांना वाटतं; पण विंडोजच्या पॉवरशेलमध्येही `ls` चालतं. `brew` मॅकचंच समजलं जातं, पण ते लिनक्सवरही बसवता येतं.

गुण देताना ठाम चूक आणि अनावश्यक प्रश्न यांची नोंद वेगवेगळी ठेवावी. त्यांची सरासरी काढली, की एक दोष दुसऱ्यामागे दडतो. चूक खरंच त्या खुणेमुळे झाली का, हे पाहण्याचा साधा उपाय आहे. उबुंटूच्या संभाषणात मॅकबुकऐवजी विंडोजचा लॅपटॉप लिहावा आणि बाकी अक्षरही बदलू नये. योग्य उत्तर तेच राहतं. तरीही चॅटबॉटची आज्ञा बदलली, तर लॅपटॉपनेच त्याला भुलवलं. मात्र एकाच प्रश्नाला तो दर वेळी वेगळं उत्तर देऊ शकतो, म्हणून दोन्ही रूपं अनेकदा विचारून मगच निष्कर्ष काढावा.

संच लहान असल्याची किंमतही मोजावी लागते. 30 वेगवेगळ्या चकव्यांत एकही ठाम चूक झाली नाही, तरी अशा चकव्यांत चुकीचं खरं प्रमाण 10 टक्क्यांपर्यंत असू शकतं. 3 ला नमुन्यांच्या संख्येने भागून हा ढोबळ अंदाज मिळतो. त्यामुळे अशा संचावरून ‘हा चॅटबॉट इतके टक्के विश्वासार्ह’ असं जाहीर करू नये. तो कोणत्या खुणेला भुलतो, हे मात्र सांगता येतं, आणि दुरुस्ती करणाऱ्याला आधी तेच हवं असतं.