साडीचे वर्णन लिहिताना

साडीच्या कॅटलॉगसाठी लिहू लागलेल्या शिकाऊंना शैलीपुस्तिकेतला पहिला नियम मापाचा सांगितला जातो. 2009च्या वैधमापन कायद्यामुळे भारतात विक्रीसाठी माप मेट्रिक एककातच द्यावे लागते. ‘नऊवारी’ हे प्रकाराचे नाव तसेच राहते. मात्र नऊ वार म्हणजे सुमारे 8.23 मीटर, आणि प्रत्यक्ष साडी त्याहून कमी भरू शकते. म्हणून नावावरून हिशेब न करता साडी मोजूनच आकडा लिहावा. सूर शांत असावा. ‘अप्रतिम’, ‘राजेशाही’ हे शब्द वर्ज्य, कारण त्यांतून ग्राहकाला काहीच कळत नाही. ‘काठ 10 सेंटीमीटर, पदरावर मोर’ यातून साडी डोळ्यांपुढे येते. सर्वांत घातक शब्दप्रयोग ‘शुद्ध रेशीम’. सिल्क मार्कचे लेबल पाहिल्याशिवाय तो लिहू नये; आर्ट सिल्क हा कृत्रिम धागा असतो.