सोळा बाइटची किल्ली

माझा पुतण्या तेलवाहू जहाजावर इंजिन विभागात काम करतो. सुट्टी संपवून निघाला की पाच-सहा महिने दर्शन नाही. यंदा निघण्याआधी, रविवारी दुपारी, दापोलीच्या घरी वायफायपाशी ठाण मांडून त्याने एका व्हिडिओ अ‍ॅपवर चौदा गोष्टी उतरवून घेतल्या: नऊ चित्रपट आणि पाच मालिकांचे भाग. मंगळवारी मुंबईहून विमान होतं. विमानतळावर वेळ काढायला त्याने त्यातला एक चित्रपट लावला, अर्ध्या तासात पेंग आली, बंद केला. शुक्रवारी रात्री जहाजावरच्या खोलीत उरलेला बघायला घेतला, तर पडद्यावर ‘मुदत संपली’. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी चार चित्रपट गेले. मला निरोप आला, “काका, फोनमध्ये जागा तेवढीच खातायत, पण लागत नाहीत. हा काय प्रकार?”

फोनची साठवण तपासली तर चित्रपटाचे सातशे-आठशे एमबी जागच्या जागी दिसतात. चित्रपट आहे, नाही ती किल्ली.

आपण ‘डाउनलोड’ दाबतो तेव्हा दोन वेगळ्या वस्तू फोनवर येतात. एक म्हणजे चित्रपटाची फाइल, आणि ती पहिल्यापासूनच कुलूपबंद असते. ती कॉपी करून लॅपटॉपवर टाकली तरी नुसता कचरा दिसतो. दुसरी वस्तू म्हणजे ते कुलूप उघडणारी किल्ली. या कामासाठी सर्रास वापरली जाणारी किल्ली 128 बिटची, म्हणजे अवघ्या सोळा बाइटची असते. मोबाइलवरचा साधा निरोपसुद्धा त्याहून लांब असतो. पण ही किल्ली मोकळी मिळत नाही. ती परवान्याच्या पाकिटात येते आणि पाकिटात किल्लीबरोबर अटींची चिठ्ठीही असते.

पाकीट येतं कसं तेही पाहू. अ‍ॅप कंपनीच्या सर्व्हरला तीन गोष्टी कळवतं: खातं कोणाचं, फोन कोणता, चित्रपट कोणता. सर्व्हर खात्याचे पैसे भरलेले आहेत का, या खात्यावर आणखी किती फोन डाउनलोड घेऊन बसलेत, या देशात हा चित्रपट दाखवायचा हक्क आहे का, एवढं बघतो. सगळं जमलं तर परवाना देतो आणि तो त्याच एका फोनला उघडता येईल असा बंद करून देतो. अँड्रॉइड फोनवर हे काम बहुधा वाइडव्हाइन नावाची यंत्रणा करते. गूगलने ती कंपनी 2010 मध्ये विकत घेतली. आयफोनवर अ‍ॅपलची फेअरप्ले असते. म्हणूनच नवा फोन घेऊन जुन्याचं सगळं त्यात ओतलं, तरी फोटो येतात, निरोप येतात, डाउनलोड मात्र येत नाहीत. फाइल कॉपी झाली तरी तिची किल्ली जुन्या फोनशिवाय कुठेच चालत नाही.

आता अटींची चिठ्ठी. वाइडव्हाइनच्या परवान्यात दोन घड्याळं असतात. अ‍ॅप बनवणाऱ्याने फोनला विचारलं, की या परवान्यात किती वेळ उरलाय, तर उत्तर सेकंदांत येतं. उदाहरणार्थ असं:

```
LicenseDurationRemaining: 604800
PlaybackDurationRemaining: 172800
```

पहिला आकडा म्हणजे सात दिवस. हे घड्याळ परवाना मिळाल्या क्षणी सुरू होतं, तुम्ही चित्रपटाकडे ढुंकून पाहिलं नाहीत तरीही. दुसरा आकडा म्हणजे अठ्ठेचाळीस तास, आणि हे घड्याळ पहिल्यांदा ‘प्ले’ दाबलं की सुरू होतं. दोन्हींपैकी जे आधी संपेल ते चित्रपट बंद करतं. पुतण्याने विमानतळावर अर्धा तास बघितला तो मंगळवारी, म्हणजे गुरुवारीच त्याचा खेळ आटोपला होता. त्या चार चित्रपटांना त्याने हातही लावला नव्हता, पण रविवार ते रविवार सात दिवस भरले.

हे आकडे सगळीकडे सारखे नसतात, एकाच अ‍ॅपमध्येसुद्धा नसतात. नेटफ्लिक्सने डाउनलोडची सोय 2016 च्या नोव्हेंबरअखेर आणली. तिथे काही चित्रपट डाउनलोड केल्यापासून सात दिवसांत संपतात, काही पहिल्यांदा लावल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत, आणि काही चित्रपट वर्षातून ठरावीक वेळाच उतरवून घेता येतात. स्पॉटिफायवर गाणी टिकवायची तर तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. यूट्यूबने डिसेंबर 2014 मध्ये भारतात ऑफलाइन सोय सुरू केली तेव्हा व्हिडिओ नेटशिवाय अठ्ठेचाळीस तासच बघता यायचा. यात लहरीपणा वाटतो, पण बराचसा तो निर्मात्यांच्या करारांतून येतो. चित्रपट अ‍ॅपच्या मालकीचा नसला, तर तो किती दिवस, कोणत्या देशात, किती फोनवर द्यायचा हे हक्क विकणारा ठरवतो.

पण मुदत मुळात ठेवायचीच कशाला? महिन्याचे पैसे मोजलेत ना आम्ही? हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असं, की फोनला नेट नसलं की कंपनीला काहीच कळत नाही. तुम्ही वर्गणी बंद केलीत, खातं दुसऱ्याला दिलंत, किंवा चित्रपटाचा करार संपला, तरी जहाजावरच्या फोनपर्यंत ही बातमी पोचवायचा मार्ग तिच्याकडे नाही. म्हणून ती परवान्यावरच तारीख घालून देते. कंपनी तुमच्यावर डोळे झाकून किती दिवस भरवसा ठेवणार, तेवढी ती मुदत. महिन्याच्या वर्गणीला तीस दिवसांचा परवाना का शोभतो हे यावरून उमगेल. एसटीचा मासिक पास तसाच: तारीख टळली की खिशातला कागद तोच, पण कंडक्टर काही ऐकत नाही.

फोनचं घड्याळ चार दिवस मागे नेलं तर? पुतण्याच्या एका सहकाऱ्याने ते करून पाहिलं. यंत्रणा बनवणाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी सुचलेलं असतं. शेवटची वेळ कुठली होती याची नोंद ठेवतात. घड्याळ तिच्या मागे गेलं की संशय येतो. सहकाऱ्याचे शाबूत असलेले दोन भागही लागेनासे झाले. हसावं की रडावं असा प्रकार.

उरलेल्या नऊ डाउनलोडवर महिन्याभराची मुदत होती, ती जहाजावर तरली. जहाजाला उपग्रहाचं नेट होतं, पण फक्त निरोपांपुरतं. बाकी सगळं कप्तानाने बंद ठेवलेलं. त्यामुळे गंमत अशी, की रात्री तो मला निरोप पाठवत होता आणि अ‍ॅपच्या लेखी मात्र फोनला नेटच नव्हतं. नूतनीकरण व्हायला फोन ऑनलाइन असून भागत नाही, अ‍ॅपला स्वतःच्या सर्व्हरपर्यंत पोचता आलं पाहिजे.

सव्वीसाव्या दिवशी जहाज सिंगापूरला लागलं. किनाऱ्यावरच्या खलाशांच्या क्लबात वायफाय मिळालं. त्याने लगबगीने अ‍ॅप उघडलं, मनात एकच, की आता तारखा पुढे सरकतील. डोळ्यांदेखत यादी रिकामी झाली. सगळीच.

त्याचं कारण घरी होतं. त्यांच्या वर्गणीत दोनच फोनवर डाउनलोड घेता येतात. धाकट्या बहिणीने परीक्षेनंतर नवा टॅब घेतला, त्यावर एक मालिका उतरवायला गेली, तर अ‍ॅप म्हणालं मर्यादा संपली, एखादं उपकरण काढा. यादीत दोन नावं. एक आईच्या फोनचं. दुसऱ्यापुढे नाव नव्हतं, नुसता मॉडेल नंबर, आणि ‘शेवटचा वापर’ तीन आठवड्यांपूर्वीचा. तिला वाटलं दादाचा जुना, मोडलेला फोन. तिने तो काढला. ते काढणं समुद्रावरच्या फोनला इतके दिवस कळलंच नव्हतं, आणि कळलं ते सिंगापूरच्या वायफायवर. म्हणजे परवाना टिकवायला जिथे जावं लागतं, तिथेच तो रद्द झाल्याचा निरोपही वाट बघत असतो. क्लबात गेलाच नसता तर आणखी चार दिवस तरी बघता आलं असतं.

खात्याशी बांधलेलं असणं म्हणजे काय, ते इथे स्पष्ट दिसतं. फोन त्याचा, जागा त्याच्या फोनची, उतरवले त्याने, पण परवाना खात्याच्या नावावर, आणि खात्याचा पासवर्ड असलेला घरातला कोणीही त्यावर हात फिरवू शकतो. खात्यातून लॉगआउट केलं, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅपचा डेटा पुसला, यातल्या कशानेही हेच होतं. फोन अडखळतो म्हणून डेटा पुसण्याचा सल्ला दुकानात सर्रास देतात. निघायच्या आदल्या दिवशी तो ऐकू नये.

मग त्याने तिथेच पुन्हा उतरवायला घेतले. बहिणीला फोन करून टॅब यादीतून काढायला लावला. चौदांपैकी अकरा मिळाले. दोन चित्रपट सिंगापुरात उपलब्धच नव्हते, कारण खातं भारतातलं असलं तरी हक्क तुम्ही त्या क्षणी कुठे आहात यावर तपासले होते. तिसरा दरम्यानच्या काळात अ‍ॅपवरूनच गेला होता.

आता त्याची पद्धत बदलली आहे. उतरवणं घरी नाही, तर जहाजावर चढण्याच्या आदल्या रात्री हॉटेलात, म्हणजे घड्याळं तिथून सुरू होतात. मग प्रत्येक नावाखालची तारीख बघतो. बऱ्याच अ‍ॅपांत मुदत जवळ आली की ती डाउनलोडच्या पानावर दिसते, आणि संपली की चित्राशेजारी उद्गारचिन्ह येतं. सात दिवसवाले आधी बघायचे, महिनावाले राखून ठेवायचे. विमान मोड लावून एक तपासणी करतो, पण एकाच चित्रपटावर, ज्याला तो त्याच रात्री बघणार असतो. सगळे थोडे थोडे लावून बघितले, तर अठ्ठेचाळीस तासांची सगळी घड्याळं एकदम धावू लागतील.

गाण्यांसाठी तो विकत घेतलेल्या साध्या फाइली ठेवतो. अ‍ॅपलने आपल्या दुकानातल्या गाण्यांवरचं कुलूप 2009 मध्येच काढलं. अशा फाइलीला वर्गणी नाही, मुदत नाही. चित्रपटांना ती वाट जवळपास नाहीच. जहाजावर एक सामायिक हार्ड डिस्क हातोहात फिरते, तिच्यातल्या मालाबद्दल मी त्याला काही विचारत नाही.

खात्याच्या यादीत त्याने स्वतःच्या फोनला नाव दिलं आहे: ‘दादा जहाजावर, हात लावू नको’.