‘दुखणार नाही’ असं न म्हणता

दातांच्या दवाखान्याची जाहिरात लिहून द्या म्हटलं की पहिला मसुदा बहुधा असा निघतो : “दातदुखीनं हैराण? डॉक्टरांची भीती वाटते? आता घाबरू नका! शहरातला सर्वोत्तम दवाखाना, शंभर टक्के वेदनारहित उपचार! पहिल्या वीस जणांना तपासणी मोफत!” मागे ड्रिलचा घर्रर्र आवाज, मग एक किंकाळी आणि शेवटी खळखळून हसू. रेडिओवर अर्ध्या मिनिटात सगळं बसतं. पण यातलं जवळपास एकही वाक्य दंतवैद्यानं वापरू नये. काही वाक्यं नियमात बसत नाहीत आणि बाकीची घाबरलेल्या माणसाला घरीच बसवतात.

भारतीय दंत परिषदेची आचारसंहिता २०१४ साली सुधारून लागू झाली. रुग्ण ओढण्यासाठी केलेली जाहिरात, मग ती थेट असो वा आडून, ती व्यवसायाच्या शिस्तीबाहेरची मानते. मुभा आहे ती साध्या सूचनेची : दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, डॉक्टर रजेनंतर पुन्हा काम बघू लागले, अमुक कामाची फी इतकी. चौकाचौकात लागलेले हसऱ्या दातांचे फलक पाहिले की हा नियम कुणी वाचला आहे का, अशी शंका येते. तरी तक्रार झाली तर राज्य परिषदेपुढे उत्तर द्यावं लागतं ते नोंदणी असलेल्या डॉक्टरांना, जाहिरात लिहिणाऱ्याला नाही. म्हणून ‘सर्वोत्तम’ काढायचं, ‘पहिल्या वीस जणांना मोफत’ काढायचं आणि बऱ्या झालेल्या रुग्णाची स्तुतीही काढायची.

एवढं काढल्यावर उरतं काय? आता भीतीकडे वळू.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोरा यांनी १९६९ साली दातांच्या भीतीची मोजपट्टी तयार केली. त्यात चारच प्रश्न आहेत. उद्या दवाखान्यात जायचं आहे, तर आज कसं वाटतं? बाहेरच्या खोलीत नंबर येण्याची वाट बघताना? खुर्चीत बसल्यावर डॉक्टर ड्रिल तयार करत असताना? आणि दात साफ करायची हत्यारं काढून ठेवली जात असताना? नीट पाहिलं तर चारही प्रश्न वाट बघण्याचे आहेत. एकातही अजून काही दुखलेलं नाही. पुढे १९९५ साली या पट्टीला हिरडीतल्या इंजेक्शनचा पाचवा प्रश्न जोडला गेला. तोही इंजेक्शन देण्याच्या बेतात असतानाचाच आहे. म्हणजे माणूस घाबरतो ते पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, पाठीवर आडवं पडून, तोंड उघडं ठेवून, बोलताही येत नसताना. जाहिरातीनं भरायची ती ही मोकळी जागा.

उलट वाटेनं जाऊन, कीड लागलेल्या दातांची भयानक चित्रं दाखवून लोकांना दवाखान्यात पाठवावं, असंही अनेकांना वाटतं. त्याची परीक्षा फार पूर्वी झाली आहे. आयर्विंग जॅनिस आणि सीमोर फेशबॅक यांनी शाळकरी मुलांच्या गटांना दातांच्या निगेवर चित्रांसह व्याख्यानं दिली. एका गटाला सडलेल्या हिरड्या आणि त्यातून होणारे रोग दाखवले, दुसऱ्याला बेताचं, तिसऱ्याला अगदी सौम्य. सर्वांत भेदरवणारं व्याख्यान ऐकणारी मुलं जास्त अस्वस्थ झाली. पण आठवड्यानं दातांच्या सवयी सुधारल्याचं प्रमाण सौम्य गटात ३६ टक्के, मधल्या गटात २२ टक्के आणि भेदरवलेल्या गटात अवघं ८ टक्के निघालं. हे १९५३ सालचं. पुढे भीतीच्या आवाहनांवर बरेच उलटसुलट निष्कर्ष आले. पण जो आधीच घाबरलेला आहे, त्याला आणखी घाबरवू नये, एवढं यातून घ्यायला हरकत नाही. ड्रिलचा आवाज आणि किंकाळी इथेच गेली.

‘वेदनारहित’ हा शब्द तर सगळ्यांत धोक्याचा. साध्या दाताला बधिरतेचं इंजेक्शन चांगलं लागू पडतं. पण दाताच्या आतली नस सुजून ठणकत असेल, विशेषतः खालच्या दाढेत, तर तेच इंजेक्शन पुरेसं काम करत नाही, पुन्हा द्यावं लागतं. अशा ठणक्यानं रात्रभर जागलेला माणूसच ‘वेदनारहित’ ऐकून पहिला येतो, आणि खुर्चीत कळवळतो. त्यानंतर तो त्याच डॉक्टरांकडेच नव्हे, कुठल्याच दंतवैद्याकडे लवकर फिरकत नाही.

मुलांच्या दंतवैद्यांची एक जुनी रीत आहे : आधी सांगायचं, मग हत्यार दाखवायचं, मग करायचं. मोठ्यांनाही ती चालते. जाहिरातीत यातली पहिली पायरी बसू शकते. समजा, तालुक्याच्या गावातल्या एका दंतवैद्यबाईंनी दवाखाना नव्या जागेत हलवला आहे. पत्ता बदलल्याची सूचना देण्याची त्यांना मुभा आहे. सावकाश, समजेल असं वाचलं तर ३० सेकंदांत मराठीतले साधारण साठ शब्द बसतात. संगीत नको, साधा आवाज :

“डॉक्टर अमुक यांचा दातांचा दवाखाना आता शनिवार पेठेत, पोस्टासमोर सुरू झाला आहे. पहिल्या भेटीत आधी तुमचं ऐकून घेतलं जातं. मग छोट्या आरशानं दात पाहिले जातात. काय आढळलं, काय करता येईल आणि खर्च किती, हे सांगितल्यावर निर्णय तुमचा. तपासताना थांबावंसं वाटलं, तर हात वर करा, डॉक्टर थांबतात. तपासणी फी दोनशे रुपये. वेळ सकाळी दहा ते एक, संध्याकाळी पाच ते आठ.”

यात ‘घाबरू नका’ नाही. तो शब्द ऐकला की ‘घाबरण्यासारखं काही आहे वाटतं’ हेच आधी मनात येतं. ‘हात वर करा’ मात्र आहे, कारण बोलता न येणाऱ्या माणसाच्या हाती तेवढाच लगाम उरतो. फी उघड सांगितली आहे. खर्चाचा आकडा कळायच्या आतच कुणी तोंडात हात घालेल, हीही भीती असतेच, आणि फी जाहीर करायला नियमाची आडकाठी नाही.

पण या साठ शब्दांतलं प्रत्येक वाक्य दवाखान्यात खरं ठरलं पाहिजे. डॉक्टरांना हात वर झालेला पाहून ‘झालंच, दोन मिनिटं’ म्हणायची सवय असेल, तर ते वाक्य काढलेलं बरं. चेहरा सुजून आलेल्या माणसाला ‘आज फक्त बघतो’ म्हणून परत पाठवता येत नाही, म्हणून ‘पहिल्या भेटीत काहीच करणार नाही’ असं वचन मुद्दामच दिलेलं नाही.

एक अडचण उरते. नियमाचा अगदी काटेकोर अर्थ लावला, तर पत्ता, वेळ आणि फी एवढीच सूचना ठरते, मधली वाक्यं आवतणाकडे झुकतात. रेडिओवर देण्याआधी बाईंनी राज्य परिषदेला मसुदा दाखवून लेखी विचारावं. नकार आला तर वर्तमानपत्रात पहिलं वाक्य, फी आणि वेळ इतकंच छापावं. मधला मजकूर फोन घेणाऱ्या मुलीला पाठ करून द्यावा. घाबरलेला माणूस बहुतेक वेळा आधी फोन करतो आणि विचारतो, “दुखेल का हो?” तिनं ‘नाही’ म्हणायचं नाही. तिनं म्हणायचं, “आरशानं बघताना सहसा दुखत नाही. पुढचं काही करायचं असेल, तर डॉक्टर आधी सांगतील. कुठला दात त्रास देतोय? कधीपासून?”