शेरा : झालेल्याचा हिशेब आणि पुढचे पाऊल

उत्तरपत्रिकेच्या समासात शिक्षक जो शेरा लिहितो, त्याचे व्याकरण पाहिले तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. बहुतेक शेरे भूतकाळी असतात : ‘मुद्दे आले, विवेचन अपुरे’, ‘उदाहरणे दिली नाहीत’. पाच गुण का दिले, सहा का नाहीत, याचे ते समर्थन असते. पालक विचारावयास आले तर ते उपयोगी पडते. परंतु विद्यार्थ्याने उद्या वही उघडून नेमके काय करावे, हे त्यातून कळत नाही. हे सांगणाऱ्या शेऱ्यास शिक्षणशास्त्रात ‘फीडफॉरवर्ड’ म्हणतात. आपण त्यास ‘पुढच्या पावलाचा शेरा’ म्हणू.

ऑस्ट्रेलियातील शिक्षणशास्त्रज्ञ रॉइस सॅडलर यांनी 1989 साली या विचाराचा पाया नेमका मांडला. सुधारणा व्हावयाची तर विद्यार्थ्यास तीन गोष्टी हव्यात : चांगले उत्तर कसे असते याची कल्पना, आपले उत्तर त्यापासून किती दूर आहे याची जाणीव, आणि ते अंतर कमी करणारी कृती. आपले नेहमीचे शेरे दुसऱ्या गोष्टीपाशीच थांबतात.

एक कल्पित परंतु परिचित उदाहरण घेऊ. इयत्ता नववीत प्रश्न आहे, ‘1857 च्या उठावाची कारणे स्पष्ट करा.’ एका विद्यार्थिनीने पाच कारणे लिहिली. त्यांतील एक असे : ‘डलहौसीने संस्थाने खालसा केली. त्यामुळे लोक चिडले.’ दहापैकी पाच गुण पडले आणि शेरा मिळाला, ‘स्पष्टीकरण अपुरे’. ती काय समजेल? बहुधा असे, की उत्तर लांबवावयास हवे होते. पुढच्या खेपेस ती पाचांऐवजी आठ कारणे लिहील आणि पुन्हा तोच शेरा घेऊन घरी जाईल.

आता हा शेरा पाहा : ‘कारणे योग्य निवडलीस. “लोक चिडले” येथे थांब व विचार, कोणते लोक? झांशीचे उदाहरण घेऊन दोन वाक्ये लिही : कोणाचे काय गेले, आणि म्हणून त्यांनी काय केले. पुढच्या उत्तरात प्रत्येक कारणाखाली हे दोन प्रश्न स्वतःस विचार.’ आता तिला पुस्तक उघडावे लागते. गंगाधररावांच्या मृत्यूनंतर दत्तक दामोदररावांचा हक्क नाकारून 1854 साली झांशी खालसा झाली, हे ती लिहिते. मग राणीचा उठावातील सहभाग त्यास जोडते. कारण आणि परिणाम यांमधली सुटलेली कडी तिने स्वतः बसविली. शिक्षकाने ती दोन वाक्ये स्वतःच लिहून दिली असती, तर तिने ती केवळ उतरवून घेतली असती.

या शेऱ्यात तीन भाग आहेत : उत्तरातील नेमकी जागा, तेथे करावयाची एक लहान कृती, आणि तीच कृती पुढे कोठे वापरावयाची याची सूचना. तिसरा भाग बहुधा विसरला जातो. तो नसेल तर झांशीचे वाक्य सुधारते, पण असहकार चळवळीवरील पुढचे उत्तर पहिल्यासारखेच राहते.

शेऱ्याशेजारी गुण असावेत का, हाही प्रश्न आहे. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना केवळ शेरा मिळाला, त्यांचे पुढील काम सुधारले. ज्यांना गुण आणि शेरा एकत्र मिळाले, त्यांना तसा लाभ झालेला दिसला नाही. एका अभ्यासावरून नियम करू नये. तथापि आकडा दिसताच मुले शेजाऱ्याचा आकडा पाहतात, हे आपल्याही वर्गात दिसतेच. म्हणून आधी शेऱ्यासह वही द्यावी, वर्गातच पंधरा मिनिटे ती एक कृती करून घ्यावी, आणि गुण दुसऱ्या दिवशी सांगावेत.

शेरा फसला हे कसे ओळखावे? आकडा झाकून तो वाचावा. विद्यार्थ्यास लगेच पेन हाती घेता येईल का, हे पाहावे. ‘अधिक सखोल लिही’ हे वाक्य आज्ञार्थी असले तरी या कसोटीस उतरत नाही, कारण सखोल लिहिणे म्हणजे काय, हेच तर त्याला कळलेले नसते. एकाच वहीत एकच शेरा तीनदा आढळला, तर दोष शेऱ्याकडे आहे असे समजावे. आणि समास सूचनांनी भरला, तर मूल त्यांतील सर्वांत सोपी, म्हणजे बहुधा शुद्धलेखनाची, सूचना पाळते व बाकीच्या सोडते.

मर्यादाही आहेत. पंचेचाळीस वह्या, प्रत्येकी तीन मिनिटे, म्हणजे सव्वादोन तास होतात. हे प्रत्येक गृहपाठास शक्य नाही. अर्ध्याहून अधिक वह्यांत एकच उणीव दिसली, तर ती फळ्यावर घ्यावी आणि वैयक्तिक शेरे उरलेल्यांसाठी राखावेत. ज्याला विषयच समजलेला नाही, त्याला कोणताही शेरा तारणार नाही. त्याला तो पाठ पुन्हा शिकवावा लागतो. आणि घटक संपल्यावर, पुन्हा लिहिण्याची संधी नसताना दिलेला शेरा कितीही नेमका असला, तरी तो पुन्हा गुणांचे समर्थनच होऊन बसतो. म्हणून वेळापत्रक आखतानाच दुसऱ्या लेखनाची तासिका राखून ठेवावी, आणि मगच पहिल्या लेखनावर शेरे लिहावयास बसावे.