गाऱ्हाणं दहा ओळींचं, हशा एका ओळीचा

रोजच्या प्रवासाचं गाऱ्हाणं कुणी वाचत नाही, याचं कारण लोक निर्दय असतात असं नाही. त्या गाऱ्हाण्यात दहा दुःखं एकदम सांगितलेली असतात आणि कोणत्या दुःखापाशी थांबावं हे वाचणाऱ्याला कळत नाही. तेच गाऱ्हाणं एका विनोदावर उभं केलं, तर लोक वाचतात, हसतात आणि हसता हसता आपले हालही त्यांच्या लक्षात येतात. हे कसं करायचं, ते एका खऱ्या मजकुरावरून पाहू.

माझी भाची मुंब्र्याहून रोज लोकलने मुंबईला नोकरीला जाते. एका संध्याकाळी तिने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे लिहिलं:

“आज तर हद्द झाली. पहाटे उठून डबा भरला. रिक्षावाल्याने सुट्टे नाहीत म्हणून दोन रुपये परत दिलेच नाहीत. गाडी उशिरा. चढताना ओढणी अडकली. तीन जणींच्या बाकावर चौथी बसले, तर अर्धी हवेत! पाय सुन्न. समोरची विचारतेय, कुठे उतरणार? एक बाई फोनवर सासूची कहाणी सांगतेय. ऑफिसात पोहोचले तर साहेब घड्याळ दाखवतात. पास मात्र पूर्ण पैशांचा काढायचा! इथे माणसाला किंमतच नाही.”

ग्रुपवर तीन अंगठे आले आणि विषय संपला. तिच्या अम्मीनेही अंगठाच पाठवला होता. भाची रुसली. मला म्हणाली, “खाला, कुणी वाचलंच नाही.” मग आम्ही दोघी पेन्सिल घेऊन बसलो.

पहिलं काम म्हणजे मजकुरातली विसंगती शोधणं. गर्दी, उशीर, साहेबांचं घड्याळ ही दुःखं खरी आहेत, पण सर्वांना ठाऊक असलेली आहेत. त्यांत हसू नाही. हसू तिथे असतं, जिथे दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. बहुतेक वेळा या दोन गोष्टी मजकुरात आधीच असतात, फक्त एकमेकींपासून दूर पडलेल्या असतात. इथे एक मधोमध आहे: “अर्धी हवेत”. दुसरी शेवटाकडे आहे: “पास पूर्ण पैशांचा”. पूर्ण पैसे आणि अर्धी जागा. या दोन्ही शेजारी ठेवल्या की विनोदाचं बी मिळालं.

“कुठे उतरणार?” हाही छान धागा होता. लेडीज डब्यात ख्यालीखुशाली नंतर, आधी जागेची चौकशी. भाचीला तो सोडवेना. पण तो दुसऱ्या दिवसाचा मजकूर आहे. एका मजकुरात दोन विनोद घातले, तर वाचणारा पहिल्यावर हसून मोकळा होतो आणि दुसरा वाया जातो.

दुसरं काम म्हणजे शेवटचं वाक्य सगळ्यांत आधी लिहिणं. तिने लिहिलं, “पूर्ण पास काढूनही अर्धीच जागा मिळते, किती हा अन्याय आहे!” हे अजून गाऱ्हाणंच आहे. विसंगती दाखवली आणि लगेच तिचा अर्थही सांगितला. अर्थ वाचणाऱ्याने स्वतः लावला तरच तो हसतो. म्हणून सगळ्यांच्या ओळखीची एखादी तिसरी वस्तू हवी, जिच्यात “अर्धं” आधीच दडलेलं आहे. ती सापडली: मुलांचं अर्धं तिकीट. 5 वर्षांपासून 12 वर्षांच्या आतल्या मुलांना लोकलमध्ये अर्धं भाडं पडतं, हे प्रत्येक घराला माहीत असतं. मग वाक्य झालं, “माझा पास पूर्ण आहे, पण मला मिळणारी जागा अर्ध्या तिकिटाची आहे.”

आता मराठीची एक अडचण येते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं. “अर्ध्या तिकिटाची” या शब्दांवर हसू फुटायला हवं, पण वाचणाऱ्याला पुढे “आहे” पर्यंत चालावं लागतं आणि तेवढ्यात हसू थंड होतं. उपाय सोपा आहे. क्रियापद गाळायचं: “पास पूर्ण, जागा तेवढी अर्ध्या तिकिटाची.”

तिसरं काम म्हणजे त्या वाक्याची वाट तयार करणं. मुशायऱ्यात शायर पहिला मिसरा दोनदा म्हणतो. ऐकणारे अंदाज बांधत राहतात आणि दुसऱ्या मिसऱ्यात गाठ सुटते. इथेही पहिल्या ओळींनी फक्त गाठ बांधायची. शेवटासाठी राखलेला शब्द आधी कुठेही येऊ द्यायचा नाही. म्हणून “अर्धी हवेत” काढलं आणि त्या जागी नुसतं चित्र ठेवलं. “पूर्ण पैसे” हेही बदललं, म्हणजे “पूर्ण” आणि “अर्ध्या” ही जोडी शेवटीच समोर येईल. रिक्षा, ओढणी, साहेब यांची शेवटच्या वाक्याला गरज नव्हती, ते सगळे गेले.

भाचीने तिकीट तपासनीस बाईंशी झालेला एक संवादही रचला होता. तो घडलेला नव्हता. घरच्या माणसांना असलं खोटं लगेच कळतं आणि मग खरे हालही खोटे वाटू लागतात. आम्ही तो काढला नाही, त्याचा काळ बदलला. “म्हणाले” ऐवजी “सांगणार आहे” लिहिलं. खोटं गेलं आणि मजा वाढली. अखेर मजकूर असा झाला:

“दर महिन्याला पास काढते, एक पैसा कमी न देता. रोज सकाळी तीन जणींच्या बाकावर चौथी म्हणून टेकते. एक पाय वाटेत, डबा शेजारणीच्या मांडीवर. उद्या तिकीट तपासनीस आल्या, तर आधीच सांगणार आहे: मॅडम, वय 26, पास पूर्ण, जागा तेवढी अर्ध्या तिकिटाची.”

इथे थांबायचं. पुढे “हा हा” नको, हसरे चेहरे नकोत आणि “असो, चालायचंच” हेही नको. पाठवण्याआधी शेवटचं वाक्य तळहाताने झाकून, लोकलने न जाणाऱ्या कुणाला तरी मजकूर वाचायला द्यावा. शेवट त्यांनी आधीच ओळखला, तर वरच्या ओळींत काहीतरी फुटलं आहे. हात काढल्यावर त्यांनी “म्हणजे?” विचारलं, तर वर काहीतरी राहिलं आहे. आम्ही हे गावाकडच्या नानींवर करून पाहिलं. चौथी सीट त्यांना ठाऊक नव्हती, पण “तीन जणींच्या बाकावर चौथी” एवढ्यावर त्यांना सगळं उमगलं.

प्रत्येक गाऱ्हाण्याचा असा विनोद करू नये. कुणी छेड काढली, कुणी गाडीतून पडलं, तर तिथे लांब मजकूरच हवा. तारीख, वेळ, गाडी, डबा, स्टेशन हे सगळे तपशील तक्रारीत कामाचे असतात. विनोद बोचला पाहिजे तो परिस्थितीला. चौथीला सरकून जागा देणाऱ्या तिघींपैकी कुणालाही तो लागता कामा नये. वरच्या मजकुरात कुणाचीच निंदा नाही, हे मुद्दाम पाहून घ्यावं.

तो मजकूर ग्रुपवर गेला, तेव्हा मामूंनी तो मोठ्याने वाचून दाखवला, चुलत भावंडं हसली. अंगठा एकही आला नाही. तिच्या अम्मीचा मात्र फोन आला. ती हसली नव्हती. तिने एवढंच विचारलं, “बेटा, रोज अशीच बसून जातेस का गं?” लांब गाऱ्हाण्यात हीच गोष्ट लिहिलेली होती, पण ती तिच्यापर्यंत पोहोचली ती चार ओळींत.