एक जूनवाल्यांचा मूलांक

दर वर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये, शाळांमध्ये आणि जिल्हा परिषदांमध्ये निरोपसमारंभांची रांग लागते. एकाच दिवशी इतकी माणसं निवृत्त होतात, कारण कागदोपत्री त्या सगळ्यांचा जन्म १ जूनचा असतो. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. यातल्या बहुतेकांचा जन्म काही खरोखर १ जूनला झालेला नाही. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराला घेऊन आलेल्या आईवडिलांना तारीख सांगता यायची नाही, आणि प्रवेशाचं वय भरलेलं दाखवायला गुरुजी जनरल रजिस्टरात १ जून लिहून टाकायचे. पुढे तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली, तिथून सेवापुस्तकात, पॅनकार्डावर आणि आधारकार्डावर गेली.

हीच माणसं मुलाच्या लग्नाच्या निमित्तानं किंवा नव्या दुकानाच्या नावासाठी अंकशास्त्र सांगणाऱ्याकडे जातात. तो जन्मतारीख विचारतो, आणि पाठ झालेली कागदावरची तारीख तोंडातून निघून जाते. तिथेच सगळं गणित चुकतं.

आधी गणित समजून घेऊ. जन्माच्या तारखेतल्या अंकांची एकअंकी बेरीज म्हणजे मूलांक. तारीख, महिना आणि वर्ष या सगळ्या अंकांची एकअंकी बेरीज म्हणजे भाग्यांक. आपल्याकडे आज जे अंकशास्त्र चालतं, त्यावर ‘कीरो’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या आयरिश हस्तसामुद्रिकाचा मोठा ठसा आहे. अंकांवरचं त्याचं पुस्तक १९२६ मध्ये आलं. एक म्हणजे सूर्य, दोन म्हणजे चंद्र, तीन म्हणजे गुरू अशी ग्रहांशी जोडलेली मांडणी त्यात आहे, आणि भर जन्माच्या दिवसावर, म्हणजे मूलांकावर आहे. जन्माच्या दिवसाचा अंक माणसाला जन्मासोबत चिकटतो, हेच या विद्येचं गृहीतक. मग गुरुजींनी सोयीसाठी निवडलेल्या दिवसाला तिथे जागा कुठून असणार?

तरीही काही जण कागदावरच्या तारखेची बाजू घेतात. त्यांचं म्हणणं असं, की जी तारीख माणूस आयुष्यभर अर्जांवर लिहितो आणि ज्या तारखेला लोक त्याला शुभेच्छा देतात, तिचीच स्पंदनं त्याच्यावर काम करतात. हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण जरा ताणून पाहा. १ जूनचा मूलांक एक. म्हणजे या राज्यातल्या सगळ्या एक जूनवाल्यांना सूर्याचा, नेतृत्वाचा, हुकमत गाजवण्याचा अंक मिळाला. एकाच वर्षी एकाच इयत्तेत दाखल झालेल्या आणि १ जून हीच तारीख मिळालेल्या मुलांचा भाग्यांकही एकच आला. ज्या विद्येचा दावाच माणसामाणसांतला फरक सांगण्याचा आहे, तिला ही तारीख दिली की सांगण्यासारखं काही उरतच नाही. शिवाय वापराने स्पंदनं येतात, हे नावाच्या बाबतीत अंकशास्त्र मानतंच. त्यासाठी नामांक वेगळा काढतात, आणि तो हाक मारण्याच्या नावावरून काढतात. जन्मांकात वापर मिसळला, तर दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी होते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: अंकशास्त्रासाठी खरी जन्मतारीख घ्यावी, दाखल्यावरची नाही. खरी अडचण पुढे आहे. ती तारीख शोधायची कशी आणि सापडलेली तारीख तपासायची कशी?

एक उदाहरण घेऊ. समजा, पाटण तालुक्यातले एक गृहस्थ आहेत. दाखल्यावर त्यांची तारीख १ जून १९६७. आई मात्र सांगते, ‘तू भूकंपाच्या रातचा.’ कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या पुढे झाला. म्हणजे दाखल्यावर त्यांचं वय सहा महिने वाढवलेलं आहे. १९७२ च्या जूनमध्ये शाळेत घालताना पाच पूर्ण दिसावीत, म्हणून ते वाढवलं असेल, हे सहज कळतं.

पण ‘भूकंपाची रात’ म्हणजे नेमकी कोणती तारीख? इथे तीन शक्यता आहेत. बाळ १० तारखेच्या रात्री बारापूर्वी झालं असेल. बारानंतर, ११ तारखेच्या पहाटे झालं असेल. किंवा भूकंप होऊन गेल्यावर, त्याच्या दुसऱ्या रात्री झालं असेल, कारण त्या भागात हादरे नंतरही बसत राहिले आणि पुढच्या रात्रीही लोकांच्या लेखी भूकंपाच्याच राती होत्या. १० डिसेंबर धरला तर मूलांक एक आणि भाग्यांक नऊ. ११ धरला तर मूलांक दोन. सगळ्या अंकांची बेरीज अठ्ठावीस, तिची दहा, म्हणून भाग्यांक एक. १२ धरला तर मूलांक तीन आणि भाग्यांक दोन. एका रात्रीच्या फरकाने तिन्ही वेळा माणूस वेगळा. दाखल्यावरच्या तारखेने मूलांक एक आणि भाग्यांक तीन येतो, म्हणजे तो चौथाच.

अशा वेळी आईला तारीख विचारून उपयोग नसतो, प्रसंग विचारायचा. बाळ झालं तेव्हा तुम्ही घरात होता की बाहेर उघड्यावर? सुईण घरी कधी परतली? समजा, आई म्हणाली, ‘घरातच झालास. दोन घोट चहा घेऊन पडले नाही तर भुई हलली, तुला छातीशी धरून बाहेर पळाले.’ मग दुसऱ्या रात्रीची शक्यता गेली. बाळंत होऊन आई नुकती पडली होती आणि हादरा सव्वाचारनंतरचा, म्हणजे जन्म मध्यरात्रीनंतरचा. घड्याळाप्रमाणे तारीख ११.

इथे एक जुना वाद आडवा येतो. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. ११ डिसेंबर सोमवार होता, पण पहाटे तीनला जन्मलेल्या बाळाचा वार घरातली म्हातारी माणसं रविवारच सांगतील, आणि त्यांच्या मोजणीने ते बरोबरच आहे. त्यावरून काही भारतीय अंकशास्त्री सूर्योदयापूर्वीच्या जन्माला आदल्या दिवसाचा अंक देतात. मला हे पटत नाही. मूलांक आणि भाग्यांक ज्या तारखेवरून काढायचे, ती तारीख, तो महिना आणि ते वर्ष सगळं इंग्रजी कालगणनेतलं आहे, आणि त्या कालगणनेत दिवस मध्यरात्री बदलतो. वार पंचांगाचा आणि महिना डिसेंबर, अशी अर्धी मोजणी इकडची आणि अर्धी तिकडची घेऊ नये. या गृहस्थांनी ११ घ्यावी, मूलांक दोन. आदल्या दिवसाचा मूलांक योगायोगाने दाखल्याच्या मूलांकाशी जुळतो, म्हणून ‘बघा, दाखल्यावरचाच अंक खरा निघाला’ असं वाटायला लावणारा मोह इथे आहे. त्याला बळी पडू नये.

सगळ्यांच्या जन्माला भूकंप साक्षीला नसतो. मग कागद शोधावे लागतात. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ चा, पण त्याआधीही गावोगावी नोंदी होत होत्या. गाव नमुना १४, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक, ही जन्ममृत्यूची वही तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अनेकदा सापडते. जुनी पानं मोडी लिपीत असू शकतात. वहीत बहुधा बाळाचं नावच नसतं, बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच असतं. त्यामुळे पाठच्या किंवा पोटच्या भावंडाची नोंद आपली समजण्याची चूक होते. दुसरी चूक म्हणजे नोंद केल्याची तारीख जन्माची म्हणून उचलणे. कोतवालाला खबर चार-आठ दिवसांनी मिळाली, तर दोन्हींत तेवढा फरक पडतो.

घरात जुनी जन्मपत्रिका असेल, तर ती सोन्यासारखी. तिच्यात तिथी, वार आणि बहुधा इंग्रजी तारीखही असते. तारीख आणि वार त्या वर्षाच्या कॅलेंडरशी जुळतात का, हे आधी पाहावं. एका दिवसाचा फरक आला, तर जन्म मध्यरात्र ते सूर्योदय या वेळेतला आहे का, ते तपासावं. त्याहून मोठा फरक आला, तर कुणीतरी नक्कल करताना चूक केली आहे.

नुसती तिथी आठवत असेल तर जास्त सांभाळावं लागतं. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मूलांक अनुक्रमे एक, सात आणि नऊ. म्हणजे ‘गणपती बसले त्या दिवशी झाला’ हे पक्कं असूनही वर्ष डळमळीत असेल, तर मूलांकच हाती येत नाही. संक्रांतीला जन्मलेल्याचं तसं होत नाही. ती सूर्यावर चालते आणि अलीकडच्या काळात बहुधा १४ जानेवारीला, क्वचित १५ ला येते. वद्य पक्षातली तिथी असेल, तर महिना कुठल्या रीतीचा हेही विचारावं. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे आपला श्रावण वद्य तो त्यांचा भाद्रपद वद्य. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांतल्या पत्रिका वाचताना हा घोळ होऊ शकतो.

एवढं करूनही तारीख लागली नाही तर? दिवस आणि महिना पक्का, पण वर्षात शंका, असं असेल तर मूलांक वापरावा आणि भाग्यांक सोडून द्यावा. काहीच पक्कं नसेल, तर जन्मांकाच्या वाटेला जाऊच नये. पाहायचंच असेल तर नामांक पाहावा, कारण त्याला तारीख लागत नाही. अंकशास्त्र सांगणारा ‘तारीख नाही ना, मग दाखल्यावरची चालेल’ म्हणाला, तर त्याच्याच विद्येचं गृहीतक तो मोडतो आहे, हे त्याला नम्रपणे सांगावं. आणि ‘स्वभावावरून तुमचा अंक मी ओळखतो’ म्हणाला, तर उठून यावं. अंकावरून स्वभाव सांगायचा आणि स्वभावावरून अंक काढायचा, या फेऱ्यात चूक सापडण्याची सोयच राहत नाही.

हे सगळं त्या विद्येच्या आतल्या तर्काने लिहिलं आहे. जन्मतारखेच्या बेरजेचा माणसाच्या स्वभावाशी किंवा नशिबाशी संबंध असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही, आणि हे वाचकाला सांगितल्याशिवाय हा विषय लिहू नये असं मी मानतो. म्हणूनच एका गोष्टीबद्दल मला काळजी वाटते. खरी तारीख सापडल्यावर ‘आता कागदावरही हीच करून घ्या, तरच फळ मिळेल’ असा सल्ला मिळाला, तर तो मुळीच ऐकू नये. अंकशास्त्राच्या दृष्टीनेही त्याची गरज नाही, कारण जन्माचा अंक दाखल्याने आला नव्हता आणि दाखल्याने जाणारही नाही. व्यवहारात मात्र नुकसान होतं. महाराष्ट्राच्या सरकारी सेवेत जन्मतारीख बदलण्याचा अर्ज नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत आणि भक्कम पुराव्यानिशी करावा लागतो. आधार, पॅन, पासपोर्ट आणि दाखला यांतल्या एकावरच तारीख बदलली, तर निवृत्तिवेतनापासून विम्याच्या दाव्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्रं देत बसावं लागतं. खरी तारीख पत्रिकेच्या मागे किंवा घरच्या वहीत लिहून ठेवावी, ती कशावरून ठरवली तेही दोन ओळींत लिहावं, आणि अर्जावर दाखल्यावरचीच तारीख भरावी.