पोच आल्याशिवाय खोडायचं नाही

निफाड तालुक्यात माझ्या मेहुण्याची दोन एकर द्राक्षबाग आहे. बागेतल्या एका खांबावर मी बनवून दिलेली डबी बसवलेली आहे. हवेचं तापमान, आर्द्रता आणि पान ओलं आहे की कोरडं, हे ती दर दहा मिनिटांनी मोजते आणि सिमकार्डावरून पाठवते. पहिल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस आला, वीज गेली, मागोमाग टॉवरची बॅटरीही बसली. दोन रात्रींनी नेटवर्क आलं तेव्हा मोबाइलवरच्या आलेखात पान सलग कोरडं दिसत होतं. सरळ, स्वच्छ रेघ! प्रत्यक्षात त्या दोन रात्रींची एकही नोंद आमच्याकडे नव्हती. आधीचा शेवटचा ठिपका कोरडा, नंतरचा पहिला ठिपकाही कोरडा, आणि आलेखाने मधली दरी रेघ ओढून बुजवून टाकली होती.

चूक माझीच होती. नोंद पाठवायची, गेली तर गेली, नाही तर सोडून द्यायची, असा कारभार मी डबीला शिकवला होता. द्राक्षात डाऊनीचा प्रादुर्भाव नेमका अशाच रात्रींत होतो. पान किती तास ओलं राहिलं, यावर फवारणीचा निर्णय ठरतो. म्हणजे ज्या हवेत नोंदी सर्वांत मोलाच्या, त्याच हवेत त्या हरवत होत्या.

उपाय ऐकायला सोपा आहे: नोंद आधी डबीतच लिहून ठेवायची आणि नेटवर्क आलं की गठ्ठ्याने पाठवायची. जागेची चिंता तर अजिबात नाही. वेळ, तीन-चार आकडे आणि अनुक्रमांक धरून एक नोंद ३२ बाइटांत बसते. दिवसाच्या नोंदी १४४. नखाएवढ्या ८ मेगाबाइटच्या फ्लॅश चिपमध्ये अशा जवळपास पाच वर्षांच्या नोंदी मावतात.

गोम आहे ती कुठली नोंद गेली आणि कुठली राहिली, हे लक्षात ठेवण्यात. फ्लॅश म्हणजे पाटी नव्हे. तिथलं एकेक अक्षर पुसता येत नाही. पुसायचं तर ४ किलोबाइटचा अख्खा कप्पा पुसावा लागतो, आणि एक कप्पा साधारण एक लाख वेळा पुसून झाला की त्याचा भरवसा उरत नाही. लाख हा आकडा मोठा वाटतो. पण ‘इथपर्यंत पाठवलं’ ही खूण एकाच कप्प्यात दर दहा मिनिटांनी पुसून लिहिली, तर दिवसाला १४४ या हिशेबाने तो कप्पा दोन वर्षांच्या आतच लाखावर पोचतो. बाकीची चिप मात्र कोरी करकरीत.

त्यावर तोड आहे, आणि ती मला एसटीच्या जुन्या कंडक्टरची आठवण करून देते. तिकिटाला भोक पाडता येतं, बुजवता येत नाही. फ्लॅशही तशीच: १ चा ० कधीही करता येतो, उलटं करायचं तर अख्खा कप्पा पुसावा लागतो. म्हणून प्रत्येक नोंदीत एक बाइट कोरा ठेवायचा आणि नोंद पोचली की त्याला भोक पाडायचं. पुसापुशी नाहीच. नोंदी एकापुढे एक लिहीत जायच्या. शेवटच्या कप्प्यानंतर पुन्हा पहिल्यावर यायचं, आणि तोच काय तो तेव्हा पुसायचा. म्हणजे एका कप्प्याची पाळी पाच वर्षांतून एकदा येते.

दुसऱ्या वर्षी परीक्षा झालीच. शुक्रवारी संध्याकाळी ६:२० ला नेटवर्क गेलं, ते डबीला रविवारी सकाळी ८:२० ला सापडलं. ३८ तास, २२८ नोंदी, अनुक्रमांक १००१ ते १२२८. त्यातली एक ही:

```
1047,2024-10-19 02:00,20.8,97,1
```

शनिवारी पहाटेचे दोन, तापमान २०.८ अंश, आर्द्रता ९७ टक्के, शेवटचा १ म्हणजे पान ओलं.

मधल्या काळात डबीने नेटवर्क शोधण्याचा हट्ट धरला असता तर तिची बॅटरीच संपली असती. मोजायला वीज नगण्य लागते. खरी खाते ती मोडेमला, आणि टॉवर शोधत फिरताना तर फारच. ढगाळ हवेत सोलर पॅनेल जेमतेम चालतं. म्हणून पहिला प्रयत्न फसला की दहा मिनिटांनी, मग वीस, मग चाळीस, असं अंतर वाढवत नेऊन ते तासावर थांबवलं. सगळं सुरळीत असतानाही दर नोंदीला मोडेम उठवण्याऐवजी तासाच्या सहा नोंदी एकत्र पाठवतो, तेही याच कारणाने.

नेटवर्क आल्यावर पन्नास-पन्नासचे गठ्ठे निघाले. पहिले दोन गेले. तिसरा, ११०१ ते ११५०, सर्व्हरवर पोचला, पण त्याची पोच परत येताना सिग्नल तुटला. डबीच्या दृष्टीने तो गेलाच नव्हता. नियम एकच: पोच आल्याशिवाय भोक पाडायचं नाही. तिने तोच गठ्ठा पुन्हा पाठवला. आता सर्व्हरकडे पन्नास नोंदी दोनदा आल्या. त्या तशाच धरल्या असत्या तर ओलीचे तास फुगले असते. म्हणून डबीचा क्रमांक आणि अनुक्रमांक ही जोडी आधीच असेल तर सर्व्हर नोंद गपचूप बाजूला ठेवतो, पण पोच मात्र देतो. हा ‘पण’ विसरला की डबी तोच गठ्ठा जन्मभर पाठवत बसते.

अनुक्रमांकाचा आणखी एक उपयोग असा, की १०४६ नंतर थेट १०४९ दिसला तर दोन नोंदी हरवल्या हे लगेच कळतं. आलेखही आता अशा ठिकाणी रेघ ओढत नाही, जागा रिकामी सोडतो.

वेळ नोंदीतच हवी, आणि ती मोजल्याची, पोचल्याची नव्हे. सर्व्हरने आल्याची वेळ लावली तर ३८ तासांच्या नोंदी रविवारी सकाळच्या दोन-तीन मिनिटांत कोंबल्या जातात आणि आलेखावर उभा खांब दिसतो. तसा खांब दिसला की दोष इथेच शोधावा. डबीत त्यासाठी वेगळं घड्याळ आणि त्याचा बटणसेल असतो. सेल संपलेला असताना डबी बंद होऊन पुन्हा चालू झाली, की नोंदींवर २००० किंवा १९७० सालची १ जानेवारी उमटू लागते. तशी नोंद फेकून देऊ नये. अनुक्रमांकावरून तिची खरी वेळ बरीचशी बांधता येते.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नव्हती. रविवारी साडेआठला मेहुण्याच्या मोबाइलवर एकामागून एक संदेश आदळले: पान ओलं, पान ओलं, पान ओलं. बाहेर ऊन पडलेलं. सर्व्हरने जुन्या नोंदी ताज्या समजून इशारे सोडले होते. आता तासापेक्षा जुन्या नोंदीवर इशारा जात नाही; तिच्यावरून फक्त त्या रात्रीच्या ओलीच्या तासांची बेरीज नव्याने होते.

साठवून पाठवलेली नोंद इशाऱ्याच्या कामाची नाही, हे मान्यच करायला हवं. पण ती वाया जात नाही. बुरशी शिरली तरी पानावर तेलकट डाग दिसायला काही दिवस जातात. शनिवारी पान रात्री अकरापासून सकाळी नऊपर्यंत सलग ओलं होतं, हे रविवारी कळलं. मेहुण्याने त्या दिवसासाठी स्पर्शजन्य औषध काढून ठेवलं होतं. ते परत ठेवून त्याने आंतरप्रवाही औषधाचा पुडा फोडला.